गच्चीवरच्या पाण्याचा खरा हिशोब

प्रश्न : "आमची जुळे सोलापुरात ३२ सदनिकांची सोसायटी आहे. गच्ची साधारण ६,५०० चौरस फूट आहे. महापालिकेचे पाणी चार-पाच दिवसांआड येते, बोअर जानेवारी उलटली की हवा ओढू लागतो आणि फेब्रुवारीपासून जूनपर्यंत टँकर घ्यावे लागतात. येत्या वार्षिक सभेत रेनवॉटर हार्वेस्टिंगवर मी पंधरा मिनिटे बोलावे, असे कमिटीने ठरवले आहे. एका ठेकेदाराने 'एकदा करून घ्या, टँकर कायमचे बंद' असे सांगितल्यामुळे निम्मे सभासद उत्साहात आहेत आणि उरलेल्यांना हा पैशांचा चुराडा वाटतो. दोघांनाही पटेल आणि खरेही असेल, असे मी काय सांगावे?"
— सचिव, जुळे सोलापूर

उत्तर :

सचिव महोदय,

भाषणाची सुरुवात योजनेपासून करू नका, गणितापासून करा, आणि ते गणित सभासदांसमोर फळ्यावर मांडा. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर एक लिटर पाणी मिळते. आपली गच्ची ६०० चौरस मीटर आहे. सोलापूर पर्जन्यछायेत येते. हिशोबासाठी वर्षाचा पाऊस ५५० मिलिमीटर धरावा. पडलेल्या पाण्यापैकी काही गच्ची भिजण्यात जाते, काही उडते आणि पहिल्या सरीचे पाणी आपणच सोडून देतो, म्हणून हाती येणारे पाणी ऐंशी टक्के धरणे योग्य. म्हणजे ६०० गुणिले ५५० गुणिले ०.८, असे वर्षभरात २ लाख ६४ हजार लिटर. हा आकडा ऐकून सभेत समाधानाची कुजबुज होईल. त्याच फळ्यावर लगेच दुसरी ओळ लिहा. ३२ घरांत प्रत्येकी चार माणसे धरली तर १२८ माणसे होतात, आणि शहरी वापराचे माणशी १३५ लिटरचे प्रमाण लावले तर सोसायटीची रोजची गरज सुमारे १७,३०० लिटर होते. भागाकार केला की कळते की, वर्षभराचा सगळा पाऊस, एकही थेंब वाया न घालवता साठवला, तरी तो आपल्याला पंधरा दिवस पुरतो.

'टँकर कायमचे बंद' या वाक्याचे उत्तर एवढ्यातच मिळते, आणि ते कोणावरही आरोप न करता मिळते. मात्र इथेच थांबलात, तर 'पैशांचा चुराडा' म्हणणाऱ्यांचा विजय झाल्यासारखे होईल, आणि तेही खरे नाही. पंधरा दिवस हा आकडा सगळ्या गरजा एकत्र धरून आलेला आहे. त्या १३५ लिटरपैकी सुमारे ४५ लिटर फक्त संडासच्या फ्लशसाठी जातात. तेवढ्याच कामासाठी पावसाचे पाणी वापरायचे ठरवले, तर रोज ५,७६० लिटर लागतील आणि तेच २ लाख ६४ हजार लिटर पंचेचाळीस दिवसांना पुरतील. पाणी किती आहे यापेक्षा ते कशासाठी आणि कोणत्या महिन्यात वापरायचे, हा प्रश्न सभेपुढे ठेवावा, असे मला मनापासून वाटते.

महिन्यांचा मुद्दा आपल्या पत्रातच दडलेला आहे. आपले टँकर फेब्रुवारी ते जून येतात आणि सोलापुरात सर्वांत जास्त पाऊस साधारणपणे सप्टेंबरात पडतो. सप्टेंबरचे पाणी फेब्रुवारीपर्यंत टाकीत साठवून ठेवायचे, तर लाखो लिटरची टाकी लागेल. तिला जागा नाही आणि तिचा खर्च कोणत्याही सोसायटीला पेलणार नाही. सोसायटीला झेपणारी टाकी १५ ते २० हजार लिटरची असते. अशी टाकी उन्हाळ्यासाठी नसते, ती पावसाळ्यातच पुन्हा पुन्हा भरून पुन्हा पुन्हा रिकामी होण्यासाठी असते. सप्टेंबरातला एक आठवडा कल्पून पाहा. सोमवारी रात्री ३० मिलिमीटर पाऊस झाला आणि २० हजार लिटरच्या रिकाम्या टाकीत १४,४०० लिटर आले. रोज ५,७६० लिटर फ्लशला गेले, म्हणून गुरुवारी सकाळपर्यंत ती जवळजवळ रिकामी झाली. गुरुवारी १८ मिलिमीटर पावसाचे ८,६४० लिटर आले, तेही शनिवारपर्यंत संपले. शनिवारी रात्री ४५ मिलिमीटरची जोरदार सर आली, तेव्हा २१,६०० लिटरपैकी २० हजार टाकीत मावले आणि १,६०० लिटर बाहेर गेले. एका आठवड्यात या टाकीने ४३ हजार लिटर पाणी धरले, म्हणजे दहा हजार लिटरचे चार टँकर भरून वर थोडे उरले.

आता एक अप्रिय प्रश्न, जो आपण स्वतः सभेत विचारावा, दुसऱ्या कोणी विचारण्याची वाट पाहू नये. हे चार टँकर सप्टेंबरात वाचले का? नाही, कारण सप्टेंबरात आपण टँकर घेतच नव्हतो. त्या महिन्यात संडासचे पाणी बोअरमधून येत होते. म्हणून टाकीमुळे जे वाचते, ते बोअरचे पाणी. खजिनदारांना सांगून मागील तीन वर्षांच्या खातेवहीतून टँकरची बिले महिन्यानुसार वेगळी काढून घ्या. जुलै ते ऑक्टोबर या काळातही बिले दिसली, तर टाकीचा खर्च थेट त्यांच्याशी तोलता येईल. ती दिसली नाहीत, तर टाकीचा फायदा बोअरला पावसाळ्यात मिळणाऱ्या विश्रांतीइतकाच आहे, हे स्पष्ट शब्दांत सांगावे.

त्याआधी इमारतीचे नळ पाहून घ्या. आपल्याकडे अनेक इमारतींत गच्चीवर दोन टाक्या असतात, एक महापालिकेच्या पाण्याची, जिची लाईन स्वयंपाकघरात जाते, आणि दुसरी बोअरच्या पाण्याची, जिची लाईन संडास-बाथरूमला जाते. आपल्याकडे अशी सोय असेल, तर पावसाचे पाणी बोअरच्या टाकीत चढवणे सोपे आहे. लाईन एकच असेल, तर पावसाचे पाणी पिण्याच्या पाण्यात मिसळेल, आणि ते मी कदापि सुचवणार नाही. गच्चीवर कबुतरांची विष्ठा, धूळ, कपडे धुतल्याचा साबण, सारे काही असते. पावसाचे पाणी मऊ असते, पण म्हणून ते पिण्यायोग्य होत नाही. एकाच लाईनच्या इमारतीत टाकीचे पाणी जिना, पार्किंग आणि झाडांपुरते वापरता येईल. तो वापर थोडा असतो, म्हणून टाकी लहान ठेवून बाकी सगळा भर पुनर्भरणावर द्यावा.

पुनर्भरण, म्हणजे गच्चीचे पाणी बोअरमधून किंवा खड्ड्यातून जमिनीत सोडणे, याविषयी सर्वांत जास्त गैरसमज आहेत, म्हणून भाषणातला मोठा वेळ यासाठी राखून ठेवावा.

सोलापूरच्या भूगर्भात वाळूचा खोल थर नाही. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली थरावर थर बेसॉल्ट, अशी रचना आहे. या खडकात पाणी मावते ते मुरमात, भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात. खडकाच्या एकूण आकारमानापैकी उपसता येण्याजोगे पाणी साधारण एक ते तीन टक्के जागेतच असते. म्हणून इथे बोअरची पातळी पावसाळ्यात झपाट्याने वर येते आणि उपसा सुरू झाला की तितक्याच झपाट्याने खाली जाते.

आपले २ लाख ६४ हजार लिटर, म्हणजे २६४ घनमीटर पाणी जमिनीत गेले, असे समजा. आपला भूखंड १,५०० चौरस मीटरचा धरला आणि ते पाणी त्याच्याखालीच थांबले असते, तर दोन टक्के पोकळीच्या खडकात पातळी जवळजवळ नऊ मीटर वाढली असती. ठेकेदारांच्या पत्रकात बहुधा असेच चित्र असते. पण जमिनीखाली कंपाउंड वॉल नसते. भेगांतून हे पाणी आसपास सरकते, शेजारच्या बोअरमध्ये उपसले जाते. तेच पाणी दहा हेक्टरवर पसरले, तर पातळीत जेमतेम तेरा सेंटिमीटरची वाढ होते. खरी स्थिती या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असते, आणि नेमकी कुठे, ते आपल्या बोअरच्या भेगांवर आणि शेजारी किती बोअर चालतात यावर ठरते. एकट्या सोसायटीने पुनर्भरण केले, तर तिचे पाणी सगळ्या गल्लीत वाटले जाते. गल्लीतल्या बऱ्याच इमारतींनी केले, तर सगळ्यांच्याच बोअरना त्याचा उपयोग होतो. शेजारच्या सोसायटीच्या चेअरमननाही सभेला बोलवावे असे मी सुचवतो, त्याचे कारण हेच आहे.

आता बोअर पाणी घेतो की नाही, हे कसे ओळखावे? ठेकेदाराच्या शब्दावर न विसंबता हे स्वतः तपासता येते. साधारण मे महिन्यात, बोअरची पातळी खाली असताना, एक दिवस पंप बंद ठेवावा. दोरीला वजन बांधून किंवा पातळी मोजणारी विद्युत तार सोडून पाणी किती खोल आहे ते नोंदवावे. मग पाच हजार लिटरचा स्वच्छ पाण्याचा टँकर सावकाश, एकसारख्या धारेने बोअरमध्ये सोडावा आणि दर दहा मिनिटांनी पातळी मोजत राहावे. धार सोडूनही पातळी एका ठिकाणी स्थिर राहिली, तर तेवढे पाणी बोअर घेतो, असे समजावे. ती चढत जाऊन केसिंगच्या तोंडाशी आली, तर त्या बोअरला पाणी घेणाऱ्या भेगाच नाहीत, आणि त्यात पुनर्भरण करणे म्हणजे बंद नळकांड्यात पाणी ओतणे आहे. धार थांबवल्यावर पातळी किती वेळात मूळ जागी येते, तेही लिहून ठेवावे. बंद पडलेला कोरडा बोअर पुनर्भरणाला चालेल, असे बरेचदा गृहीत धरले जाते. त्याचीही हीच चाचणी घेतल्याशिवाय त्यावर खर्च करू नये. मे महिन्यात टँकरचे पाणी जमिनीत ओतायचे, यावर सभासद कुरकुर करतील, पण त्या एका टँकरमुळे मोठा खर्च वाचू शकतो.

समजा, चाचणीत आपला बोअर तासाला ३,००० लिटर घेतो असे दिसले. सोलापूरचा पाऊस रिपरिप कमी आणि धो-धो जास्त, म्हणून तासाभरात २५ मिलिमीटर पडणे इथे नवलाचे नाही. अशा तासात गच्चीवरून १२ हजार लिटर उतरतील आणि बोअर त्यातले तीनच हजार घेईल. उरलेले नऊ हजार गटारीत जातील किंवा फिल्टर उचकटून टाकतील. इथे मघाची टाकी पुन्हा उपयोगी पडते. मधे टाकी असली, तर पाऊस तासाभरात पडला तरी बोअर ते पाणी रात्रभरात घेतो. म्हणून माझा सल्ला असा की, टाकी आणि बोअर या दोन पर्यायांवर मतदान घेऊ नका. गच्चीचे पाणी फिल्टरमधून टाकीत, टाकीतून आधी फ्लशला, आणि पुढची सर येण्यापूर्वी जे उरेल ते हळूहळू बोअरमध्ये, अशी एकच रचना मांडा. टाकीला वरून वाहून जाण्याची वाट ठेवायला मात्र विसरू नका; ती नसली की पाणी पार्किंगमध्ये शिरते आणि दुसऱ्याच पावसाळ्यात कोणीतरी पाईप काढून टाकतो.

बोअर पाणी घेत नसेल, तर खड्ड्याचा विचार करावा. काळ्या मातीत केलेला चार-पाच फुटांचा खड्डा पुनर्भरण करत नाही. ही माती भिजली की फुगते आणि पाण्याला वाट देत नाही, त्यामुळे असा खड्डा पाण्याचे डबके होतो आणि डासांची तक्रार सुरू होते. खड्डा काळी माती ओलांडून मुरमापर्यंत गेलाच पाहिजे. खोदल्यावर तो पाण्याने भरून चोवीस तास पाहा. पातळी हलली नाही, तर आणखी खोल जा किंवा जागा बदला. तो इमारतीच्या पायापासून निदान तीन मीटर दूर असावा, कारण काळी माती भिजली-सुकली की भिंतींना तडे जातात, आणि सेप्टिक टँक व ड्रेनेजच्या लाईनपासून पंधरा मीटर दूर असावा. आपल्या इमारतीत असा खड्डा आधीच असण्याची शक्यता आहे. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडावरील नव्या बांधकामाला पर्जन्यजल संधारणाची सोय करावी लागते. पुष्कळ ठिकाणी ती भोगवटा प्रमाणपत्रापुरती केलेली असते आणि पुढे गाळाने भरून जाते. आधी जुना नकाशा काढून तो खड्डा शोधा. नवा खोदण्यापेक्षा जुना उपसणे स्वस्त पडेल.

बोअरमध्ये पाणी सोडताना एक पथ्य मोडता येणार नाही. तिथे फक्त गच्चीचे, गाळलेले पाणी जावे. पार्किंगचे, रस्त्याचे किंवा बागेचे पाणी त्यात तेल, माती आणि मैला घेऊन जाते, आणि बोअरमधून खोल भेगांत गेलेली घाण परत काढता येत नाही. मातीतून झिरपताना पाणी जेवढे शुद्ध होते, तेवढे बोअरच्या नळकांड्यातून जाताना होत नाही. एका इमारतीच्या चुकीचे पाणी मग सगळी गल्ली वापरते.

पहिल्या सरीचे पाणी बाहेर सोडायचे, हे सगळे मान्य करतात, पण किती, ते कोणी सांगत नाही. दीड मिलिमीटर धरले, तर आपल्या गच्चीचे ते ९०० लिटर होते. गच्चीला सहा उतारपाईप असतील, तर प्रत्येकाला दीडशे लिटर. म्हणजे ठेकेदार दाखवतो तो हातभर लांबीचा तुकडा पुरेसा नाही. प्रत्येक पाईपला तळाशी व्हॉल्व्ह हवा आणि मोठ्या खंडानंतर पाऊस आला की तो काही वेळ उघडा ठेवण्याची जबाबदारी नावानिशी कोणावर तरी हवी. बहुतेक ठिकाणी वॉचमनवर सोपवले जाते, आणि वॉचमन बदलला की व्हॉल्व्ह गंजतो. गच्ची मृगाच्या आधी झाडून धुऊन घ्यावी. फिल्टरमध्ये वाळू, खडी आणि गोटे असतील, तर पाऊस थांबून तासभर झाल्यावरही वर पाणी तुंबलेले दिसणे, ही तो चोंदल्याची खूण आहे. तेव्हा वरची दोन-तीन बोटे वाळू काढून धुऊन परत घालावी.

अवर्षणाच्या वर्षी काय, हा प्रश्न सभेत नक्की येईल, आणि त्याचे उत्तर लपवू नये. ज्या वर्षी ३०० मिलिमीटरच पाऊस पडेल, त्या वर्षी गच्ची २ लाख ६४ हजारांऐवजी १ लाख ४४ हजार लिटरच देईल. आपल्याला पाण्याची सर्वांत जास्त ओढ असते त्याच वर्षी ही योजना सर्वांत कमी देते. दुसरी बाजूही सांगावी. शहराला मुख्य पाणी उजनीतून येते आणि उजनी मुख्यतः पुण्याकडच्या घाटमाथ्यावरच्या पावसाने भरते. तिकडचा पाऊस आणि आपल्या गच्चीवरचा पाऊस हे दोन निरनिराळे आहेत, म्हणून उजनी वजा पातळीत असतानाही आपल्या गच्चीवर सर येऊ शकते, आणि उजनी भरली तरी आपली गच्ची कोरडी राहू शकते. हा दुसरा, लहान स्रोत आहे. महापालिकेच्या पाण्याची जागा तो घेणार नाही.

बोअरचे पाणी मऊ होईल का, असेही कोणी विचारील. गच्चीचे पाणी ज्या बोअरमध्ये जाते, तिथे पावसाळ्यानंतर काही काळ क्षार थोडे कमी झालेले आढळू शकतात, पण गीझरला क्षारांचा थर बसणे थांबेल, असे वचन देऊ नका.

मग आपण नेमके काय वचन द्यावे? माझ्या मते एवढेच की, चाचणी समाधानकारक आली, तर बोअर काही आठवडे उशिरा हवा ओढू लागेल आणि त्या प्रमाणात फेब्रुवारी-मार्चचे काही टँकर कमी होतील. किती आठवडे, हे आज कोणालाही सांगता येत नाही. ते कळावे म्हणून एक वही घालावी. दर महिन्याच्या एक तारखेला, सकाळी पंप सुरू करण्यापूर्वी बोअरची पातळी, पंप हवा ओढेपर्यंत चाललेली मिनिटे आणि महिन्याचा पाऊस, एवढ्या तीनच नोंदी. नोंद काम सुरू होण्यापूर्वीच सुरू व्हायला हवी. नाहीतर योजना झाली त्याच वर्षी चांगला पाऊस पडला, तर श्रेय ठेकेदाराला जाईल, आणि कमी पडला, तर दोष आपल्या माथी येईल. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. तिच्या जिल्हा कार्यालयातून आपल्या परिसराच्या नोंदी मिळाल्या, तर आपली वही त्यांच्याशी ताडून पाहता येईल.

सभेकडून संपूर्ण योजनेची मंजुरी एकदम मागू नका. ठराव असा लिहावा : "जुना पुनर्भरण खड्डा असल्यास तो शोधून साफ करणे, बोअरची पाणी घेण्याची चाचणी करणे, इमारतीच्या नळरचनेची पाहणी करणे आणि पातळीची मासिक नोंदवही सुरू करणे यासाठी कमिटीला खर्चाची मर्यादा ठरवून अधिकार देण्यात येत आहे, चाचणीचे आकडे सभासदांपुढे ठेवल्यानंतरच टाकी व फिल्टरची दरपत्रके मागवण्यात येतील." दरपत्रक मागवताना ठेकेदाराकडून तीन गोष्टी लेखी घ्याव्यात : पहिल्या सरीचे किती लिटर बाहेर सोडण्याची सोय आहे, फिल्टर तासाला किती लिटर पाणी घेतो आणि पहिल्या दोन पावसाळ्यांत फिल्टर साफ करण्याची जबाबदारी कोणाची. 'कायमचे' हा शब्द दरपत्रकात आढळला, तर त्याखाली लिटरमध्ये आकडा लिहून द्यायला सांगा.